सण न पाळणाऱ्या मैत्रिणीला दिवाळीत काय म्हणायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी कॉलेजपासूनची एक मैत्रीण कोणताच सण पाळत नाही. दिवाळी नाही, संक्रांत नाही, गुढीही नाही. आमच्या घरी मात्र वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत सगळं साग्रसंगीत असतं. आमची मैत्री पंचवीस वर्षांची आहे आणि त्यातली पहिली दहा-बारा वर्षं मी तिला दर दिवाळीला चुकीचा निरोप पाठवत होते. तिने एकदा शांतपणे सांगितलं तेव्हा माझ्या लक्षात आलं. तेव्हापासून माझ्या ओळखीतल्या अनेकांनी मला याबद्दल विचारलं आहे. तेच प्रश्न इथे घेतले आहेत. उदाहरणं मुख्यतः दिवाळीची आहेत, कारण आपल्याकडे निरोपांचा पूर येतो तो दिवाळीत.

सण पाळत नाही म्हटल्यावर शुभेच्छा द्यायच्याच कशाला? गप्प बसलं तर काय बिघडलं?

काही जणांना गप्प बसलेलंच आवडतं आणि तसं त्यांनी सांगितलं असेल तर विषय संपला. पण न विचारता गप्प बसू नका. माझ्या मैत्रिणीने मला सांगितलेली गोष्ट अशी: तिला निरोपांचा त्रास होतोच, पण दिवाळीच्या आठवड्यात एकाही माणसाचा साधा फोन येत नाही याचं जास्त वाईट वाटतं. सगळे आपापल्या घरात आणि पाहुण्यांत असतात. हिला दिवाळी नाही म्हणजे हिला आपलीही गरज नाही, असं लोक धरून चालतात. तिने सण सोडला आहे, माणसं सोडलेली नाहीत.

'दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा' यात खटकण्यासारखं काय आहे?

या तीन शब्दांत फार नाही. पण आपण तीन शब्दांवर थांबत नाही. मी पाठवत असे तो निरोप असा होता:

'तुला व तुझ्या परिवारास दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा! ही दिवाळी तुम्हा सर्वांना सुखसमृद्धीची आणि भरभराटीची जावो, हीच ईश्वरचरणी प्रार्थना.'

हा निरोप तिच्या जागी बसून वाचून पाहा. 'ही दिवाळी तुम्हाला जावो' म्हणताना तिच्या घरी दिवाळी आहे असं मी गृहीत धरलं. 'ईश्वरचरणी प्रार्थना' म्हणताना जो देव ती मानत नाही, त्याच्याकडे तिच्या वतीने मागणं केलं. आणि 'परिवारास' म्हणताना तिच्या सगळ्या घराला एका रांगेत बसवलं. तिला वाचून काय वाटलं असेल? की इतकी वर्षं ओळखणारी बाई आपल्याला ओळखतच नाही. असा निरोप कुणीही कुणालाही पाठवू शकतो आणि तिला तो अनोळखी वाटला तो त्याचमुळे.

मराठी शुभेच्छांमध्ये 'जावो', 'होवो', 'लाभो', 'नांदो' अशी रूपं ठासून भरलेली असतात. ती वाईट नाहीत, पण त्यांचा सूर प्रार्थनेचा आहे. देवाचं नाव घेतलं नाही तरी कुणीतरी वरून हे घडवून आणावं, असं ती सुचवतात. न मानणाऱ्या माणसाला हा सूर पटकन ऐकू येतो. आपल्याला येत नाही, कारण आपण त्यातच वाढलो आहोत.

मग लिहायचं काय? नेमका मजकूर सांगा.

मला सापडलेला मार्ग एवढाच आहे: दिवाळीला 'तुझी' म्हणायचं नाही, 'माझी' म्हणायचं. माझ्या घरी दिवाळी आहे, हे खरं आहे आणि ते लपवायचं कारण नाही. त्या गडबडीत तुझी आठवण आली, हेही खरं आहे. ते तसंच सांगायचं.

मी आता पाठवते तो निरोप साधारण असा असतो:

'आज सकाळपासून घरात चकल्यांचा घाणा चालू आहे. हॉस्टेलवर तू माझ्या डब्यातल्या तुटक्या चकल्या आधी संपवायचीस ते आठवलं. कशी आहेस? रविवारी संध्याकाळी मी मोकळी आहे. चहाला ये, नाहीतर मी येते.'

यात दिवाळी हा शब्दही नाही, पण ती मी लपवलेलीही नाही. चकल्या तळतेय म्हटल्यावर कळायचं ते कळतं. आता प्रत्येक वाक्य काय करतंय ते पाहा. पहिल्या वाक्यात माझ्या घरचं चित्र आहे. दुसऱ्यात आमच्या दोघींचीच आठवण आहे, त्यामुळे हा निरोप दुसऱ्या कुणाला पाठवताच येणार नाही. तिसरं वाक्य खरा प्रश्न आहे, तिला उत्तर द्यायला जागा देणारा. आणि शेवटी वार आणि वेळ सांगून भेटीचं बोलावणं आहे. 'कधीतरी भेटू' यात बोलावणं नसतं, हे आपल्याला सगळ्यांना माहीत आहे.

तुमचं नातं इतकं जवळचं नसेल, म्हणजे ऑफिसातली सहकारी किंवा शेजारीण असेल, तर छोटं लिहा. 'चार दिवस सुटी आहे, छान आराम कर. सोमवारी भेटू.' सुटी सगळ्यांनाच असते, सण पाळणाऱ्याला आणि न पाळणाऱ्यालाही. वरिष्ठ असतील तर 'तुम्हाला सुटीचे दिवस निवांत मिळोत' असंही चालतं. 'मिळोत' मध्येही तोच प्रार्थनेचा सूर आहे हे मला मान्य आहे, पण मागणं निवांतपणाचं असेल तर कुणाला टोचत नाही.

'शुभ' हा शब्दच टाळायचा का?

नाही. 'शुभेच्छा' म्हणजे चांगलं व्हावं ही इच्छा. परीक्षेला, नव्या नोकरीला, ऑपरेशनला जाणाऱ्या माणसालाही आपण शुभेच्छा देतो. माझ्या ओळखीतले पक्के विवेकवादी लोकही हा शब्द बिनदिक्कत वापरतात. अडचण 'शुभेच्छा' या शब्दाची नसते, त्याच्या मागे लागणाऱ्या षष्ठीची असते: दिवाळी'च्या', पाडव्या'च्या', लक्ष्मीपूजना'च्या'. नुसतं 'तुला खूप शुभेच्छा' म्हणा आणि पुढे तिच्या आयुष्यात चालू असलेल्या खऱ्या गोष्टीचं नाव घ्या. नवं घर, मुलीची दहावी, गुडघ्याचं दुखणं, काहीही.

'सणासुदीच्या शुभेच्छा' किंवा 'हॅपी हॉलिडेज' हे सर्वसमावेशक नाही का?

'सणासुदीच्या' मध्ये सण तसाच राहिला. अनेक धर्मांच्या लोकांना एकाच वेळी लिहिताना तो शब्द उपयोगी आहे, पण जिला सणच नाही तिला तो काही देत नाही. 'हॅपी हॉलिडेज' अमेरिकेतल्या डिसेंबरसाठी घडलेलं आहे, ख्रिसमस, हनुका आणि नवं वर्ष जवळजवळ येतात म्हणून. आपल्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ते उपरं वाटतं आणि ज्याला पाठवलं त्याला लगेच कळतं की हे अडचण टाळण्यासाठी शोधलेलं आहे. मराठीत त्याहून चांगलं काही आहे: 'आनंदात राहा', 'मजेत राहा', 'काळजी घे, भेटू'.

ती सण का पाळत नाही, हे माहीत असायला हवं का?

खोदून विचारायची गरज नाही, पण ढोबळ कारण माहीत असेल तर शब्द नेमके निवडता येतात. कारण 'सण पाळत नाही' या एका वाक्यामागे फार वेगवेगळी माणसं असतात.

माझ्या मैत्रिणीसारखी माणसं विवेकवादी घरातली असतात. महाराष्ट्रात ही परंपरा जुनी आहे. महात्मा फुल्यांनी सत्यशोधक समाज १८७३ साली पुण्यात स्थापन केला आणि डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ साली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती. अशा घरांतल्या अनेकांना ३ जानेवारीचं, म्हणजे सावित्रीबाईंच्या जयंतीचं, मोल असतं. त्या दिवशी केलेला साधा फोन त्यांना दिवाळीच्या दहा निरोपांपेक्षा जवळचा वाटतो. दिवाळी-होळीला यातली काही माणसं घरात बसत नाहीत, कामात असतात. फटाकेमुक्त दिवाळीचा प्रचार, 'होळी लहान, पोळी दान' यासारखे उपक्रम चालू असतात. तेव्हा 'तुला काय, तुला सुट्टीच' असं म्हणू नका. 'या वर्षी तुमचं काय काय चाललंय?' असं विचारा.

बौद्ध मैत्रिणीची गोष्ट वेगळी आहे. डॉ. आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा घेतली आणि अनुयायांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. गौरी-गणपती वगैरे देवतांना देव मानणार नाही, त्यांची उपासना करणार नाही, हे त्यांत स्पष्ट म्हटलं आहे. तेव्हा तिला गणपतीच्या शुभेच्छा पाठवणं म्हणजे तिने केलेली प्रतिज्ञाच विसरणं. पण 'ती काहीच पाळत नाही' असंही म्हणू नका. तिच्या घरी १४ एप्रिल असतो, बुद्ध पौर्णिमा असते, धम्मचक्र प्रवर्तन दिन असतो. एक गुंता इथे नेहमी होतो: ती दीक्षा विजयादशमीला झाली, म्हणून अनेक घरांत धम्मचक्र प्रवर्तन दिन दसऱ्याच्याच दिवशी साजरा होतो, अशोक विजयादशमी म्हणून. तुम्ही त्या दिवशी आपट्याची पानं घेऊन 'सोनं घ्या' म्हणत दारात उभे राहिलात, तर तिच्या घरातला दिवस मोठाच आहे, फक्त तुम्ही म्हणताय तो नाही.

ख्रिस्ती लोकांतले यहोवाचे साक्षीदार नाताळ पाळत नाहीत आणि वाढदिवसही पाळत नाहीत. अशा मैत्रिणीला दिवाळी वगळून वाढदिवसाला केक नेलात तर तीच चूक दुसऱ्या दारातून आत आली. त्यांना भेटायला निमित्त लागत नाही. असंच जा.

आणि एक प्रकार वरवर सारखा दिसतो, पण पूर्ण निराळा आहे. 'यंदा आमच्याकडे दिवाळी नाही' असं कुणी म्हणालं तर ते मत नसतं, दुःख असतं. त्या घरात वर्षाच्या आत कुणी गेलेलं असतं. तिथे वरचं काहीच लागू नाही. तिथे शुभेच्छा द्यायच्या नसतात, जाऊन बसायचं असतं. त्या घरात तळण काढत नाहीत म्हणून शेजारीपाजारी आणि नातेवाईक फराळाचे डबे नेऊन देतात. ती रीत अजून टिकून आहे, हे फार चांगलं आहे.

तिला काय आवडेल हे विचारायचं कसं? अवघड वाटतं.

ऐन सणात विचारू नका. तेव्हा तिला भिडेखातर 'चालेल गं' म्हणावं लागतं. एखाद्या साध्या दुपारी, जूनमध्ये किंवा जुलैमध्ये, एवढंच विचारा: 'दिवाळीला मी तुला मेसेज करते ते तुला कसं वाटतं? नको असेल तर सांग, मला वाईट वाटणार नाही.' एकदाच विचारायचं आणि उत्तर लक्षात ठेवायचं. दर वर्षी नव्याने विचारलं तर तिला दर वर्षी आपली बाजू मांडावी लागते.

फराळाचा डबा दिलेला चालतो का? आणि प्रसाद?

फराळ सहसा चालतो. चिवडा-लाडू खायला काही मानावं लागत नाही. माझी मैत्रीण तर अनारशाची वाट पाहत असते. डबा देताना 'दिवाळीचा फराळ घे' ऐवजी 'तुझ्यासाठी अनारसे ठेवलेत' म्हणा. खाणं तेच आहे, पण आता ते तिच्यासाठी आहे.

प्रसादाचं मात्र आधी सांगा. सत्यनारायणाचा शिरा आणि नाश्त्याचा शिरा डब्यात सारखाच दिसतो. काही जण प्रसादही शिरा म्हणून खातात, काही जण तत्त्व म्हणून घेत नाहीत. ते त्यांना ठरवू द्या. न सांगता दिला आणि नंतर 'बघ, प्रसाद खाल्लास' म्हणालात, तर ती फसवणूक होते. गंमत म्हणून केलेली असली तरी.

हळदीकुंकवाचं बोलावणं करताना थोडा विचार करा. अनेक बायका त्याला जात नाहीत याचं कारण देवाशी नाही, विधवांना वगळण्याशी जोडलेलं असतं. तिने 'नाही' म्हटलं तर तो तुमच्या घराला नकार नाही. संक्रांतीला तिळगूळ द्यायला हरकत नाही, 'गोड बोला' हे तर सगळ्यांनाच लागू आहे. कपाळाला कुंकू लावायला हात पुढे करण्याआधी थांबा, एवढंच. औक्षणाचं तबक फिरत फिरत तिच्यापर्यंत आलं तर तिथे चारचौघांत तिच्यावर वेळ आणू नका. आधीच तिला हळूच विचारून ठेवा, किंवा तिला त्या वेळेनंतर बोलवा.

वस्तू द्यायची असेल तर?

दिवाळी अंक द्या. 'मनोरंजन' मासिकाने १९०९ साली पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी वाचणाऱ्या माणसाच्या दिवाळीत वाचनाचाही वाटा आहे. त्यात मानायचं काही नाही, वाचायचं आहे. मी दर वर्षी तिला एक अंक देते आणि ती मला एक देते. पुढचे दोन महिने आम्हाला बोलायला विषय पुरतात. लक्ष्मीची तसबीर, चांदीचं नाणं, श्रीयंत्र असलेले गिफ्ट बॉक्स टाळा. ते न मानणाऱ्याला ठेवताही येत नाहीत आणि टाकताही येत नाहीत.

ती पाळत नाही, पण तिच्या सासूबाई सगळं करतात. मग?

सासूबाईंना वेगळा फोन करा आणि मोकळेपणाने दिवाळीच्या शुभेच्छा द्या. तिच्यामार्फत पाठवू नका. 'तुझ्या घरच्यांना दिवाळीच्या शुभेच्छा सांग' म्हटलं की जे ती स्वतः म्हणत नाही ते तुम्ही तिच्या तोंडून वदवता. 'काकूंना माझा नमस्कार सांग' पुरेसं आहे. आणि त्या घरात गेल्यावर 'सूनबाई काही करत नाही वाटतं?' हा विषय काढू नका. त्या दोघींनी आपसात काहीतरी बसवलेलं असतं. आमच्या मैत्रिणीच्या घरी पूजा सासूबाई करतात आणि आकाशकंदील ही लावते, कारण तिला प्रकाश आवडतो.

तिच्या मुलांना काय म्हणायचं?

मुलांना 'तुमच्याकडे दिवाळी नाही? अरेरे!' असं कधीही म्हणू नका. बाकी मुलं मुलांचं पाहतात. आमच्या सोसायटीत दर वर्षी किल्ला होतो. माती कालवणं, गोणपाट टाकणं, अळीव पेरणं, वर मावळे मांडणं, यात तिचा मुलगा सगळ्यात पुढे असतो. फटाके आणि ओवाळणीची पाकिटं यांबद्दल मात्र आईला आधी विचारा. तिच्या मागून मुलाला काही दिलंत तर घरी त्याला लपवावं लागतं.

ऑफिसच्या किंवा सोसायटीच्या ग्रुपवर मी सगळ्यांना शुभेच्छा देऊ का?

द्या. ग्रुपवर तुम्ही सगळ्यांशी बोलता, तिथे 'दिवाळी साजरी करणाऱ्या सगळ्यांना शुभेच्छा, बाकीच्यांना सुटीचा आनंद' असं एक वाक्य पुरतं. त्यापलीकडे ग्रुपवर तिचं नाव घेऊन 'हे आमच्या नास्तिक मॅडमसाठी नाही हं' वगैरे नको. ती मस्करी वर्षभर चालत राहते.

वसुबारस, धनत्रयोदशी, नरकचतुर्दशी, लक्ष्मीपूजन, पाडवा, भाऊबीज असे सहा दिवसांचे सहा फॉरवर्ड तिला व्यक्तिशः पाठवायचे नाहीत, हे वेगळं सांगायला नको. तुमच्या ब्रॉडकास्ट यादीत तिचं नाव आहे का ते मात्र आजच पाहा. माझी चूक बारा वर्षं त्या यादीमुळेच चालू राहिली.

'तू मानत नाहीस, तरीही तुला शुभेच्छा' असं म्हटलं तर निदान प्रामाणिक नाही का?

हे वाक्य सगळ्यात जास्त दुखावतं, असं मी पाहिलंय. त्या 'तरीही' मुळे शुभेच्छा बाजूला राहते आणि तिचं न मानणं पुढे येतं. जणू ते एक वैगुण्य आहे आणि तुम्ही मोठ्या मनाने त्याकडे दुर्लक्ष करताय. 'देव तुला सद्बुद्धी देवो' हे त्याचंच उघड रूप. तिची समजूत चुकीची आहे असं तुम्हाला मनापासून वाटत असेल, तर त्यावर एखाद्या संध्याकाळी खुशाल वाद घाला. आम्ही घालतो आणि चहा दोनदा गार होतो. पण शुभेच्छेच्या आडून नको.

तिनेच मला दिवाळीच्या शुभेच्छा दिल्या तर?

आनंदाने घ्या. 'अगं, तू पण?' असं म्हणू नका. माझी मैत्रीण लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मला लिहिते, 'तुझ्या घरच्या दिव्यांचा फोटो पाठव.' ती माझ्या सणाला माझा म्हणते आणि त्यात मला आनंद आहे याचा तिला आनंद आहे. मीही तिला उत्तरात 'तुलाही' लिहीत नाही. फोटो पाठवते.

मी जुना निरोप पाठवून बसले. आता?

लांबलचक माफी नको, नाहीतर तिला तुमचीच समजूत काढावी लागेल. त्याच दिवशी दुसरा छोटा निरोप पाठवा: 'मघाचा सगळ्यांना गेलेला होता, तुला नको होता जायला. हा खास तुझ्यासाठी: कशी आहेस?' आणि तिचं उत्तर आलं की फोन करा. दोन शब्दांचं 'थँक्स गं' आलं आणि पुढे काही नाही, तर त्या दिवशी सोडून द्या. भाऊबीज झाली, पाहुणे गेले, डब्यात थोडे अनारसे उरले, की ते घेऊन तिच्याकडे जा.